वेग दात्यांचा, जोर उसाचा

एप्रिलातल्या टळटळीत दुपारी एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीत शिरलं की थंडगार रसाच्या आधी घुंगरं भेटतात. चरकाच्या मोठ्या चाकाला बांधलेली ती घुंगरं चाक फिरतं तशी वाजतात आणि गिऱ्हाईक बाकड्यावर येऊन बसतं. माझा सगळा जन्म यंत्रं जुळवण्यात गेला, त्यामुळे रस येईपर्यंत माझी नजर त्या चरकाच्या गिअरकडे जाते. यंदा मात्र नजर जायच्या आत रसवंतीवाले काकाच म्हणाले, "साहेब, जरा बघा हो. दिवाळीनंतर गिअर बदलले. मशीन जोरात पळावं म्हणून. मोकळं असताना पळतंय झकास, पण ऊस घातला की पूर्वीइतकंच काम. वर रबर जळाल्याचा वास."

नवी जोडी बसवून देणाऱ्या वर्कशॉपनं त्यांना सांगितलं होतं, की चरक आता मिनिटाला पंधरा फेरे घेईल, आधी तेरासुद्धा घेत नव्हता. हिशेब चुकीचा नव्हता. तरीही काकांना रस मिळत होता पूर्वीच्याच गतीनं. हा विरोधाभास सोडवायला मोठं यंत्र लागलं नाही. खडूचा तुकडा, घड्याळ आणि चार गिअरचे दाते, एवढ्यावर भागलं.

पाच मिनिटांत यंत्राची ओळख

रसवंतीचा चरक हे दोन टप्प्यांच्या सरळ दात्यांच्या गिअरचं उघड्यावरचं उदाहरण आहे. इतर ठिकाणी हेच गिअर लोखंडी पेटीत तेलात बुडालेले असतात. इथे सगळं डोळ्यांसमोर फिरतं. मोटरच्या छोट्या पुलीवरून पट्टा निघतो आणि मोठ्या बिडाच्या चाकावर जातो. त्या चाकाच्या शाफ्टवर एक छोटा गिअर असतो. त्याला पिनियन म्हणतात. तो मधल्या शाफ्टवरच्या मोठ्या गिअरला फिरवतो. त्याच मधल्या शाफ्टवर आणखी एक पिनियन बसवलेला असतो आणि तो शेवटच्या सर्वांत मोठ्या गिअरला फिरवतो. हा शेवटचा गिअर ज्या शाफ्टवर असतो, त्यावरच उसाला पिळणारी मुख्य लाट असते.

काकांनी जुनी जोडी टाकून न देता गोणपाटात बांधून ठेवली होती. त्यामुळे आधी जुन्या जुळणीचा हिशेब करता आला. मशीन बंद करून प्लग काढला, मोठं चाक पूर्ण थांबू दिलं आणि मग दाते मोजले. पहिल्या टप्प्याचा जुना पिनियन १६ दात्यांचा आणि गिअर ५६ दात्यांचा होता. दुसऱ्या टप्प्याला काकांनी हात लावला नव्हता. तिथे पिनियनला १५ आणि गिअरला ६० दाते होते.

मोजताना एका दात्यावर खडूची खूण करावी आणि ती खूण परत येईपर्यंत मोजावं. नाहीतर सुरुवातीचा दाता शेवटी पुन्हा मोजला जातो आणि ६० चे ६१ होतात. लाटांच्या टोकांना आणखी तीन सारखे गिअर दिसतात, ते मात्र मोजू नयेत. मुख्य लाटेचं फिरणं ते बाकीच्या दोन लाटांना जसंच्या तसं देतात. तिघांचे दाते सारखेच असल्यामुळे वेगात काही फरक पडत नाही.

वेग: फक्त भागाकार

दोन गिअर एकमेकांत अडकून फिरतात तेव्हा एकाचा एक दाता पुढे गेला की दुसऱ्याचाही एकच दाता पुढे जातो. दाते घसरत नाहीत, एखादा उडी मारून पुढे जात नाही. सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. १६ दात्यांच्या पिनियनचा एक फेरा पूर्ण झाला तेव्हा समोरच्या गिअरचे १६ दातेच पुढे सरकले. त्याला पूर्ण फेरा घ्यायला ५६ दाते सरकवावे लागतात. म्हणून पिनियनचे साडेतीन फेरे झाले की गिअरचा एक फेरा होतो. ५६ भागिले १६, म्हणजे ३.५. हे पहिल्या टप्प्याचं गुणोत्तर.

आता मधला शाफ्ट. त्यावरचा ५६ दात्यांचा गिअर आणि १५ दात्यांचा पिनियन दोन्ही चावीनं शाफ्टवर पक्के बसवलेले आहेत. एकाचा फेरा तोच दुसऱ्याचा फेरा. दाते वेगवेगळे, पण फेरे एकच. दुसऱ्या टप्प्यात ६० भागिले १५, म्हणजे मधल्या शाफ्टचे चार फेरे झाले की लाटेचा एक. मधल्या शाफ्टच्या एकेका फेऱ्यासाठी पहिल्या शाफ्टला साडेतीन फेरे घ्यावे लागतात, तर चार फेऱ्यांसाठी १४. म्हणून दोन टप्प्यांची गुणोत्तरं गुणायची असतात. साडेतीन आणि चार यांची बेरीज करून साडेसात काढणारे मी चांगल्या कारागिरांमध्येही पाहिलेत. ज्याला शंका असेल त्यानं लाट हातानं एक फेरा फिरवावी आणि मोठ्या चाकाचे फेरे मोजावेत. साडेसात येत नाहीत, चौदाच येतात.

एकूण गुणोत्तर = (५६ ÷ १६) × (६० ÷ १५) = ३.५ × ४ = १४

दुसरी चूक याहून फसवी असते. काही यंत्रांत मधल्या शाफ्टवर एकच गिअर असतो. तो एका बाजूनं पिनियनशी आणि दुसऱ्या बाजूनं शेवटच्या गिअरशी जुळलेला असतो. तिथे मधल्या गिअरचे दाते हिशेबात येतच नाहीत, कारण जितके दाते तो आत घेतो तितकेच बाहेर देतो. तो फक्त फिरण्याची दिशा बदलतो आणि दोन गिअरमधलं अंतर भरून काढतो. म्हणून दाते मोजण्याआधी मधल्या शाफ्टवर गिअर एक आहे की दोन, हे पाहून घ्यावं. काकांच्या चरकात दोन होते, म्हणून तिथे खरे दोन टप्पे होते.

आता वेग. मोटरच्या पाटीवर दीड हॉर्सपॉवर आणि १४४० आरपीएम लिहिलेलं होतं. मोटरची पुली ७५ मिलिमीटरची आणि मोठं चाक ६०० मिलिमीटरचं, म्हणजे पट्ट्यानं वेग आठपट कमी होतो आणि मोठं चाक मिनिटाला १८० फेरे घेतं. गिअरपुढे येणारा वेग तो हाच. त्याला १४ नं भागलं की लाटेचे फेरे येतात मिनिटाला १२.८६. दहा फेऱ्यांना साधारण ४७ सेकंद.

याची पडताळणी उसावरून करता येते. लाटेचा व्यास १५० मिलिमीटर, म्हणजे घेर जवळजवळ ४७ सेंटिमीटर. मिनिटाला १२.८६ फेऱ्यांनी लाटेचा पृष्ठभाग सेकंदाला १० सेंटिमीटर पुढे जातो. एक मीटरचा ऊस आत जायला दहा सेकंद. रसवंतीत ज्यानं ऊस हळूहळू आत जाताना पाहिलाय, त्याला हा वेग ओळखीचा वाटेल.

एक बारकावा लक्षात ठेवावा. १४ हे गुणोत्तर पक्कं आहे, पण १४४० हा आकडा तसा नाही. चार पोलच्या मोटरचा चुंबकीय वेग पन्नास हर्ट्झच्या विजेवर १५०० असतो. पूर्ण ओझं आलं की रोटर थोडा मागे पडतो आणि १४४० वर येतो. ओझं नसताना तोच १४९० च्या जवळ फिरतो. म्हणून मोकळ्या चरकाचे दहा फेरे ४५ सेकंदांत होतात आणि ऊस दाबताना ४७ सेकंदांत. एवढा फरक दिसला तर घाबरायचं कारण नाही.

जोर: मोठ्या चाकाची लांब दांडी

फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅम वजन टांगलं की एक न्यूटन-मीटर टॉर्क होतो. पान्याची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच वजनानं जोर दुप्पट मिळतो. घट्ट बसलेला नट काढायला फिटर पान्यात पाईप घालतो, ते यासाठीच.

मोटर किती टॉर्क देऊ शकते, हे तिची शक्ती आणि वेग यांवरून निघतं. शक्ती किलोवॅटमध्ये घेऊन तिला ९५५० नं गुणायचं आणि आरपीएमनं भागायचं. ९५५० हा आकडा किलोवॅटचे वॅट करणं आणि मिनिटाचे फेरे सेकंदांच्या कोनात बदलणं यांतून येतो. त्यात गूढ काही नाही. दीड हॉर्सपॉवर म्हणजे १.१ किलोवॅट. मोटरच्या शाफ्टवर ७.३ न्यूटन-मीटर टॉर्क आला. एवढा जोर हातानंही थांबवता येईल असा.

पट्ट्यानं तो आठपट होतो, पण वाटेत थोडी शक्ती उष्णतेत जाते. पट्ट्यात शंभरातला पाचेक भाग जातो असं धरलं तर मोठ्या चाकाच्या शाफ्टवर ५५ न्यूटन-मीटर पोचतात.

गिअरमध्ये पुढे काय होतं, ते दात्यापाशी जाऊन पाहू. पहिल्या टप्प्याच्या १६ दात्यांच्या पिनियनचा कामाचा व्यास ८० मिलिमीटर होता, म्हणजे त्रिज्या ४० मिलिमीटर. ५५ न्यूटन-मीटर टॉर्क ४० मिलिमीटरच्या त्रिज्येवर म्हणजे दात्यावर १३७५ न्यूटनचा रेटा. वजनाच्या भाषेत १४० किलो. समोरच्या गिअरच्या दात्यावरही नेमका एवढाच रेटा येतो, कारण दोघं एकमेकांनाच ढकलतायत. पण समोरच्या गिअरची त्रिज्या १४० मिलिमीटर आहे, साडेतीनपट लांब. रेटा तोच आणि दांडी साडेतीनपट, म्हणून टॉर्कही साडेतीनपट. दात्यांचं गुणोत्तर हेच व्यासांचंही गुणोत्तर असतं, म्हणून व्यास न मोजता नुसते दाते मोजून टॉर्क काढता येतो.

या टप्प्यातही दाते एकमेकांवर घासतात. तेलात बुडालेल्या, नीट कापलेल्या गिअरमध्ये एका टप्प्यात शंभरातले दोन भाग जातात. उघड्यावरच्या, ग्रीस आणि धूळ खाणाऱ्या बिडाच्या गिअरमध्ये पाच धरणं मी शहाणपणाचं मानतो. ५५ गुणिले ३.५ गुणिले ०.९५ केलं की मधल्या शाफ्टवर १८३ न्यूटन-मीटर येतात. त्याला पुन्हा ४ नं आणि ०.९५ नं गुणलं की लाटेवर ६९५. गुणोत्तरं एकदम घेऊनही हिशेब तोच येतो.

लाटेवरचा टॉर्क = ५५ × १४ × ०.९५ × ०.९५ ≈ ६९५ न्यूटन-मीटर

नुकसान प्रत्येक टप्प्यात वेगळं होतं, म्हणून ०.९५ दोनदा आलं. आणखी एक गोष्ट. ही घट फक्त टॉर्कमध्ये धरायची, वेगात नाही. दाते घासून जोर खातात, पण फेरे खाऊ शकत नाहीत.

लाटेची त्रिज्या ७५ मिलिमीटर. ६९५ न्यूटन-मीटर म्हणजे तिच्या पृष्ठभागावर ९२६७ न्यूटनचा रेटा, जवळपास ९४५ किलो. हातानं थांबवता येणाऱ्या मोटरमधून एवढं निघतं. ऊस आत ढकलणाऱ्याच्या हातात सैल बाही किंवा बांगडी असू नये, ती या आकड्यामुळे. लाट संथ फिरते म्हणून ती निरुपद्रवी वाटते. ती संथ आहे म्हणूनच तिच्यात एवढा जोर आहे.

दुसऱ्या पिनियनचे दाते एवढे जाड का?

काकांनी मला विचारलं, "पहिल्या गिअरपेक्षा दुसऱ्याचे दाते एवढे जाड का असतात हो? एकाच मापाचे केले तर स्वस्त नाही पडणार?" याचं उत्तर वरच्याच हिशेबात आहे. मधल्या शाफ्टवर १८३ न्यूटन-मीटर टॉर्क आहे आणि दुसऱ्या पिनियनची त्रिज्या ४५ मिलिमीटर. त्याच्या दात्यावरचा रेटा येतो ४०६७ न्यूटन, सुमारे ४१५ किलो. पहिल्या टप्प्यात तो १४० किलो होता. वेग उतरत गेला तसा दात्यावरचा भार तिप्पट झाला. म्हणून प्रत्येक टप्प्याला दाता जाड आणि गिअर रुंद होत जातो. दात्याचं हे माप मॉड्यूलमध्ये सांगतात. व्यासाला दात्यांच्या संख्येनं भागलं की मॉड्यूल मिळतं. पहिल्या टप्प्याचं मॉड्यूल पाच होतं, दुसऱ्याचं सहा.

मग १४ पट एकाच टप्प्यात का करत नाहीत? १५ दात्यांच्या पिनियनसमोर २१० दात्यांचा गिअर लागला असता. सहा मॉड्यूलला त्याचा व्यास १२६० मिलिमीटर, म्हणजे चार फुटांहून जास्त. तो चरकात मावला नसता, आणि मावला असता तरी रसवंतीवाल्याला उभं राहायला जागा उरली नसती. दोन टप्प्यांत सर्वांत मोठा गिअर ३६० मिलिमीटरवर भागला. मधला शाफ्ट, त्याची दोन बेअरिंगं आणि आणखी दोन गिअर एवढीच त्याची किंमत.

नवी जोडी: पंधरा फेऱ्यांचं आश्वासन

आता काकांच्या तक्रारीकडे. वर्कशॉपनं १६ आणि ५६ ची जोडी काढून १८ आणि ५४ ची बसवली होती. ही निवड हुशारीची होती. शाफ्टमधलं अंतर दोन्ही गिअरच्या दात्यांच्या बेरजेवर ठरतं. १६ आणि ५६ मिळून ७२ होतात, १८ आणि ५४ मिळूनही ७२ च. पाच मॉड्यूलला दोन्ही जोड्यांमधलं अंतर १८० मिलिमीटरच येतं, म्हणून बेअरिंग न हलवता नवी जोडी बसली. ज्यांनी फक्त पिनियन बदलला असता आणि १६ च्या जागी १८ दात्यांचा आणला असता, त्यांचा पिनियन बसलाच नसता. अंतर पाच मिलिमीटर वाढवावं लागलं असतं. उलट लहान पिनियन आणला तर तो बसतो, पण दाते टोकाटोकाला लागतात. काही दिवस खडखडतात आणि मग मोडतात.

नव्या जोडीचं गुणोत्तर तीन, एकूण बारा. १८० भागिले १२ म्हणजे मिनिटाला पंधरा फेरे. वर्कशॉपचं आश्वासन खरं होतं. पण टॉर्क? ५५ गुणिले १२ गुणिले ०.९५ गुणिले ०.९५ म्हणजे ५९६ न्यूटन-मीटर. लाटेवरचा रेटा ९४५ किलोवरून ८१० वर उतरला. मोटर तीच, तिची शक्ती तीच. वेग जितक्या पटीनं चढला, तितक्याच पटीनं जोर उतरला.

इथेच दाते सांगतात त्याची मर्यादा येते. ६९५ किंवा ५९६ हे आकडे लाटेवर सतत चालू असलेला टॉर्क सांगत नाहीत. मोटर आपल्या पाटीवरच्या शक्तीनं जास्तीत जास्त किती टॉर्क देऊ शकेल, ते सांगतात. लाट किती टॉर्क मागते, ते ऊस ठरवतो. चरक मोकळा फिरतो तेव्हा फक्त बेअरिंगं आणि दात्यांचं घर्षण ओढायचं असतं. तेव्हा मोटर जेमतेम काम करते आणि तिचे अँपिअर खाली असतात. एक कोवळा ऊस घातला तर मागणी थोडी वाढते. पण तिसऱ्या वेळी चिपाडाची घडी करून, त्यात लिंबू आणि आल्याचा तुकडा घालून ती लाटांत ढकलली की मागणी एकदम वर जाते.

समजा त्या घडीला लाटेवर ६५० न्यूटन-मीटर लागतात. जुन्या जुळणीत ते ६९५ च्या आत होते. मोटर जवळजवळ पूर्ण ओझ्यावर येऊन ते देत होती. नव्या जुळणीत तेच ६५० हे ५९६ च्या वर गेले. मोटरकडून तिच्या क्षमतेच्या १०९ टक्के मागणी होते. मोटर थोडा वेळ हे सोसू शकते. मोठं बिडाचं चाकही आपल्या वजनात साठवलेला वेग क्षणभर देऊ करतं. म्हणूनच एखादा खडा किंवा खिळा लाटांत गेला की हिशेबातल्या टॉर्कपेक्षा कितीतरी जास्त झटका बसतो आणि दाता मोडतो. पण घडीमागून घडी येत राहिली की चाकाची पुंजी संपते आणि साखळीतली सर्वांत दुबळी कडी सैल पडते.

घसरतंय कुठे?

ती कडी कोणती, हे अंदाजानं सांगायची गरज नव्हती. मोठ्या चाकाच्या कडेवर आणि लाटेच्या शाफ्टवर खडूच्या खुणा केल्या. मोकळ्या चरकाचे दहा फेरे ३९ सेकंदांत झाले. बारा गुणोत्तराला आणि मोकळ्या मोटरच्या वेगाला शोभणारा आकडा. मग काकांनी एकामागून एक घड्या घातल्या. दहा फेऱ्यांना ४६ सेकंद लागले. नव्या जोडीनं ते ४० सेकंदांत व्हायला हवे होते.

सहा सेकंद गेले कुठे? गिअरमध्ये जाणं शक्य नव्हतं. दाते घसरत नाहीत. लाटेच्या एका फेऱ्याला मोठ्या चाकाचे बरोबर बाराच फेरे होत होते, घडी दाबतानासुद्धा. म्हणजे मोठं चाकच हळू फिरत होतं, १८० ऐवजी सुमारे १५६ फेऱ्यांनी. त्या वेगाला पट्टा न घसरता मोटर फिरत असती तर तिचा वेग १२५० वर आला असता. अशी मोटर नीट फिरत नाही, ती गुरगुरते आणि थोड्या वेळात तापते. ही मोटर आवाज न बदलता फिरत होती. उरला पट्टा. तो छोट्या पुलीवर घसरत होता आणि जळक्या रबराचा वास तिथूनच येत होता.

दाते मोजल्याचा आणखी एक उपयोग याच वेळी दिसला. चरकातून अधूनमधून 'टक्' असा आवाज येत होता. काकांना वाटायचं, मधलं बेअरिंग गेलं. मोडका किंवा चेपलेला दाता ज्या शाफ्टवर असतो, त्या शाफ्टच्या फेऱ्याला एकदा आवाज करतो. नव्या जुळणीत मोठं चाक सेकंदाला तीन फेरे घेतं, मधला शाफ्ट सेकंदाला एक आणि लाट चार सेकंदांना एक. आवाज घड्याळावर मोजला तर चार सेकंदांनी एकदा येत होता. म्हणजे दोष लाटेवरच्या ६० दात्यांच्या गिअरमध्ये. पाहिलं तर एका दात्याची कड चेपलेली होती. कधीतरी खडा गेला असणार. बेअरिंग चांगलं होतं.

तिथे एक अडचण मात्र होती. १५ आणि ६० हे आकडे एकमेकांना पूर्ण भागतात. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता गिअरच्या त्याच चार दात्यांना पुन्हा पुन्हा भेटतो. चेपलेला दाता पिनियनच्या एकाच दात्याला कायम खात राहतो. गिअर ६१ दात्यांचा असता तर प्रत्येक दात्याला सगळे दाते आळीपाळीनं भेटले असते आणि झीज वाटली गेली असती. नवीन यंत्र घेताना आकडे असे एकमेकांना न भागणारे असतील तर ते पसंत करावेत.

काकांपुढे मी दोन वाटा ठेवल्या. एक म्हणजे नवी जोडी ठेवायची, दोन हॉर्सपॉवरची मोटर आणि तिला पेलणारा पट्टा घ्यायचा. दोन हॉर्सपॉवर म्हणजे दीड किलोवॅट. मग बारा गुणोत्तरातही लाटेवर आठशेच्या पुढे न्यूटन-मीटर मिळतात. पण तेवढा टॉर्क १५ दात्यांच्या दुसऱ्या पिनियनलाही सोसावा लागेल. त्याच्या दात्यावर पूर्ण ओझ्याला ४१५ ऐवजी जवळपास ४८५ किलो येतील. चेपलेला गिअर आधी बदलावा लागेल. दुसरी वाट म्हणजे गोणपाटातली जुनी जोडी परत बसवायची.

काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग जुनंच बरं. घडी घातली की दहा फेऱ्यांना ४६ सेकंद लागतायत आणि आधी ४७ लागायचे. एका सेकंदासाठी पट्टा कशाला जाळायचा?"

पुढच्या आठवड्यात जुनी जोडी बसली. तेलपेंटनं चरकाच्या चौकटीवर काकांनी स्वतः लिहिलं: १६–५६, १५–६०, एकूण १४. पुढच्या वेळी कुणी वेग वाढवून देतो म्हणाला, तर आधी तो टॉर्क किती सांगतोय ते या आकड्यांवरून विचारता येईल. त्या दिवशी घड्या घालून मोजले तेव्हा दहा फेऱ्यांना ४७ सेकंद लागले आणि वास आला तो फक्त आल्या-लिंबाचा.